पहिला खड्डा भरेल तेव्हा

गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका कार्यक्रमासाठी आमच्या महाविद्यालयात एक पाहुणा विद्यार्थी आला होता. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकणारा, आम्हां मुलामुलींहून चार-पाच वर्षांनीच मोठा. एका गावात आपण व आपल्या सहकाऱ्यांनी हगणदारीमुक्तीसाठी काय केले, हे तो पडद्यावर चित्रे दाखवीत सांगत होता. मुलगा कष्टाळू होता यात शंका नाही. पहाटे उठून तो गावात फिरला होता, जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढून लोकांना बोलते करीत होता, घरोघर बसून अर्ज भरून देत होता. शेवटी त्याने एक आकडा दाखविला, इतकी शौचालये बांधून झाली. त्यानंतर एक छायाचित्र दाखविले. हातात तांब्या घेतलेली एक म्हातारी, समोर गुलाबाचे फूल पुढे करणारा एक तरुण आणि भोवती हसणारी माणसे. आमच्या सभागृहातही हशा पिकला. मग टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी विचारले, "कोणाला काही विचारायचे आहे काय?" कोणी काही विचारले नाही.

मी हात अर्धा वर केला होता, तो खाली घेतला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. चारचौघांत उभे राहून पाहुण्याला प्रश्न करणे हे आमच्याकडे उद्धटपणाचे मानतात. पण त्या दिवशी न विचारलेले प्रश्न मनातून जाईनात, म्हणून हा लेखनप्रपंच. पुढच्या वेळी असा कोणी पाहुणा येईल तेव्हा आपण टाळ्यांच्या आधी काय विचारावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

ती म्हातारी पाहून मला माझी आजी आठवली, हे आधी कबूल करते. २०१७ साली मी पाचवी-सहावीत असेन. सुट्टीत आजोळी गेले होते. आजोळी संडास होता. शासनाचे बारा हजार रुपये अनुदान घेऊन मामाने तो बांधला होता. पण त्यात कडब्याच्या पेंढ्या आणि दोन पोती ज्वारी होती. एका पहाटे आजी तांब्या घेऊन ओढ्याकडे निघाली असता तिला पथकाने गाठले. गावोगाव अशी पथके तेव्हा फिरत. लोक त्यांना 'गुड मॉर्निंग पथक' म्हणत. शिट्टी वाजली, फूल हातात दिले गेले, मोबाईलवर फोटो निघाला. दुपारपर्यंत तो गल्लीतल्या पोरांच्या मोबाईलवर होता. ते पथक कोणत्या कचेरीचे होते हे मला माहीत नाही आणि त्याने काही फरकही पडत नाही.

त्यानंतर आजी त्या वेळी बाहेर दिसली नाही. पथकाच्या वहीत ती बहुधा 'सुधारली' म्हणून नोंदली गेली असेल. प्रत्यक्षात ती रात्री तीन-साडेतीनला उठून अंधारात जाऊ लागली, आणि पोट सांभाळायचे म्हणून तिने रात्रीची भाकरी अर्ध्यावर आणली. संडासात मात्र ज्वारीच राहिली.

यावरून माझा पहिला प्रश्न निघतो. तुम्ही जे मोजले ते काय आहे? बांधलेले शौचालय मोजले, की ते वापरणारा माणूस मोजला?

फरक किती पडतो हे एका कल्पित गावाच्या हिशेबाने पाहू. समजा, गावात शंभर घरे आहेत आणि घरटी पाच माणसे धरली तर पाचशे लोक. काम संपले तेव्हा ऐंशी घरी शौचालय आहे. पडद्यावर येते : ऐंशी टक्के यश. आता दारे उघडून पाहा. दहा ठिकाणी आजोळासारखे धान्य किंवा सरपण भरलेले आहे. उरली सत्तर घरे, म्हणजे साडेतीनशे माणसे. त्यांतही पुरुष शेतावर जातात ते तिकडेच उरकतात, म्हाताऱ्यांना बसवत नाही, लहान मुलांना अंगणातच बसवितात. समजा, प्रत्यक्षात दोनशे तीस माणसे रोज वापर करतात. म्हणजे ऐंशीचे शेचाळीस टक्के झाले. अजून एक वजाबाकी राहिली. काम सुरू होण्यापूर्वीच गावातली नव्वद माणसे आपापल्या संडासात जात असतील, तर तुमच्यामुळे झालेला बदल एकशेचाळीस माणसांचा, म्हणजे अठ्ठावीस टक्के. अठ्ठावीस हा आकडा लहान नाही. पण तो पडद्यावर आला नव्हता.

हे कळणार कसे? "तुमच्या घरी संडास वापरता का?" असे घरातल्या कर्त्याला विचारले तर उत्तर 'हो' असेच येते. घरातल्या प्रत्येक माणसाचे नाव घेऊन, तो काल कोठे गेला होता असे साधेपणाने विचारले तर खरे चित्र दिसू लागते. उत्तरांवर विसंबायचे नसेल तर डोळ्यांनीही दिसते. दारापर्यंत पाऊलवाट मळलेली आहे काय, आत बादली आणि मग आहे काय, भांडे ओले आहे की त्यात कोळ्याचे जाळे आहे? असे पाहायला अर्धा दिवस पुरतो. पण त्या पाहणीनंतर आकडा खाली येतो, म्हणून ती टाळली जाते.

याहून कठीण एक वजाबाकी आहे. तुम्ही गेला नसतात तरी अनुदानामुळे गावात काही शौचालये झालीच असती. ती वेगळी कशी काढाल? यासाठी ज्या गावात तुम्ही गेला नाहीत असे एखादे गाव शेजारी ठेवून पाहावे लागते. आपल्याच राज्यात २००४ च्या सुमारास असा एक प्रयोग झाला. तेव्हाचा अहमदनगर जिल्हा, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, तसेच नंदुरबार आणि आपल्या शेजारचे नांदेड या तीन जिल्ह्यांत काही गावे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून तेथे स्वच्छतेचे काम करायचे, उरलेली गावे तुलनेसाठी ठेवायची, असे ठरले होते. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स या अभ्यासकांनी नंतर त्याचा हिशेब मांडला. अहमदनगरमध्ये काम खरोखर झाले. तेथेही घरोघर संडास झाले नाहीत. तुलनेच्या गावांपेक्षा प्रमाण शंभर घरांमागे आठांच्या आसपासच वाढले. तरी लहान मुलांची उंची मोजली तेव्हा काम झालेल्या गावांतील मुले उंचीत पुढे गेलेली आढळली; चार वर्षांच्या मुलामागे सरासरी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. नांदेड व नंदुरबारमध्ये मात्र ठरलेले काम झालेच नाही, आणि मुलांच्या उंचीतही फरक दिसला नाही.

याच्या उलट ओडिशातल्या पुरी जिल्ह्याचे. तेथे शंभर गावांत असाच प्रयोग होऊन त्याचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. काम झालेल्या पन्नास गावांत शौचालय असलेली घरे शंभरात नऊ होती ती त्रेसष्ट झाली. अशा आकड्याला कोणत्याही सभागृहात टाळ्या पडतील. पण लहान मुलांचे जुलाब तुलनेच्या गावांपेक्षा कमी झाले नाहीत. एका ठिकाणी थोडी शौचालये वाढून मुले उंच झाली, दुसऱ्या ठिकाणी पुष्कळ वाढूनही जुलाब तसेच राहिले. म्हणून बांधकामाच्या आकड्यावरून पुढचे काहीच गृहीत धरता येत नाही. समाजकार्याच्या विद्यार्थ्याने उंच्या मोजाव्यात असे मी म्हणत नाही. त्याच्याकडे सहा आठवडे असतात आणि मार्गदर्शकांना अहवाल द्यायचा असतो. पण आपण काय मोजले नाही, हे तरी त्याने पडद्यावर लिहावे.

दुसरा प्रश्न त्या फोटोचा. त्या आजींना विचारले होते काय?

आमच्या चारठाण्याला यादवकालीन देवळे आहेत, बारव आहे. त्यांचे फोटो घ्यायला लांबून लोक येतात. देवळाला विचारावे लागत नाही. पण कॅमेरा देवळाकडून माणसाकडे वळला की विचारावे लागते, आणि हा फरक शिकलेल्या लोकांनाही पुष्कळदा जाणवत नाही. सरपंचाने परवानगी दिली म्हणजे त्या बाईने दिली असे होत नाही. आणि तिने 'घ्या' म्हटले तरी एवढ्याने भागत नाही. हा फोटो कोठे दाखविणार, कोण पाहणार, नको म्हटले तर अनुदानाचा अर्ज अडणार नाही ना, हे तिला सांगितले असेल तरच त्या 'घ्या'ला अर्थ आहे. ज्याच्या हातात अर्ज आहे त्याला 'नको' म्हणणे गरिबाला जड जाते.

यावर उत्तर येईल की लाज वाटल्याशिवाय लोक बदलत नाहीत. हे उत्तर झटकून टाकण्यासारखे नाही. या पद्धतीची मुळे बांगलादेशातल्या राजशाही जिल्ह्यात आहेत. मोसमोईल नावाच्या गावी १९९९-२००० मध्ये कमल कार यांनी लोकांनाच बरोबर घेऊन गावफेरी काढली, विष्ठा किती साचते आणि ती माशीच्या पायांनी ताटात कशी येते याचा हिशेब लोकांकडूनच करविला. त्यातून किळस आणि लाज उत्पन्न व्हावी असा हेतू होताच. पण ती सर्वांनी मिळून पाहिलेल्या गोष्टीची लाज होती, आणि बाहेरच्या माणसाने उपदेश करू नये असे त्यात अभिप्रेत होते. आपल्याकडे ती वाट शिट्टी आणि फुलापर्यंत आली, तेव्हा लाज साऱ्या गावाची राहिली नाही, पकडल्या गेलेल्या एका माणसाची झाली. पकडले जातात कोण? ज्यांच्या घरी जागा नाही, पाणी नाही, ज्यांना लवकर उठून दूर जायला पाय साथ देत नाहीत ते.

लाजेचे हत्यार एकदा गावात दिले की ते कोणाच्या हाती जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यात भावखेडी या गावी सप्टेंबर २०१९ मध्ये दोन दलित मुलांना उघड्यावर बसल्याच्या कारणावरून गावातल्याच माणसांनी काठ्यांनी मारून ठार केले. त्या मुलांच्या घरी शौचालय नव्हते. त्यामागे जातीचा जुना द्वेष होता हे उघड आहे, पण त्याला निमित्त स्वच्छतेचे मिळाले. ज्यांच्या नावाने आपल्या राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, ते गाडगेबाबा लोकांना कीर्तनात चांगले फटकारीत. पण गावात शिरताच खराटा आधी स्वतःच्या हाती घेत, आणि एकट्या-दुकट्याला गाठून हसे करण्याची त्यांना गरज पडली नाही.

लाजवण्यापेक्षा विचारले असते तर काय कळले असते? आजीला कोणी विचारले असते तर तिने सांगितले असते की पाणी दोन गल्ल्या पलीकडच्या हापशावरून आणावे लागते. संडासात बसविलेले भांडे शहरी, सपाट तळाचे होते. त्याला दर वेळी बादलीभर पाणी लागते. खेड्यासाठी तीव्र उताराचे भांडे मिळते, त्याला दीड-दोन लिटर पुरते. मराठवाड्यात हा फरक लहान नाही. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्याच्या दुसऱ्याच वर्षीची ही गोष्ट. शिवाय आजीचे गुडघे वाकत नव्हते आणि भिंतीला धरायला काही नव्हते. म्हणजे तिच्या 'सवयी'मागे एक भांडे, एक नळीचा तुकडा आणि साठवलेल्या पाण्याचा अभाव होता. शिट्टीने यांतले काहीच मिळत नव्हते.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिला खड्डा भरेल तेव्हा तुम्ही कोठे असाल?

ज्यांना कल्पना नसेल त्यांच्यासाठी सांगते. अनुदानातून जे शौचालय सुचविले जाते त्याला दोन शोषखड्डे असतात. मध्ये एक छोटे चेंबर असते, त्यातून दोन खड्ड्यांकडे दोन तोंडे जातात. एका वेळी एकच तोंड उघडे ठेवायचे, दुसरे वीट आणि चिखल लावून बंद करायचे. पाच-सहा माणसांच्या घरात एक खड्डा साधारण पाच वर्षांत भरतो. मग तोंड बदलायचे. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षे तसाच राहू दिला की आतल्या मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते आणि ते कोणीही फावड्याने काढू शकतो. सारी खुबी त्या एका विटेत आहे.

बिघडते ते येथेच. गवंडी घाईत दोन्ही तोंडे उघडी ठेवून चेंबर झाकून टाकतो. मग दोन्ही खड्डे एकदमच भरतात आणि मुरायला वेळच मिळत नाही. हे ओळखायला झाकण उचलून पाहणे पुरे. दुसरे आमच्या काळ्या जमिनीचे. ती पाणी सावकाश शोषते, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून खड्ड्याच्या चिऱ्यांबाहेर चहूबाजूंनी फूटभर वाळू किंवा बारीक खडी भरावी लागते. ती भरली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी उलटे भांड्यात येते. हिवाळ्यात काम संपवून अहवाल लिहिणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

आणि तिसरे म्हणजे भीती. खड्डा भरला तर उपसणार कोण, हा प्रश्न खेड्यात जातीपाशी जाऊन थांबतो. हाताने मैला उपसून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि असावीच. पण खत झालेल्या खड्ड्याला ती वेळ येत नाही, हे घरच्यांना कोणी बसून समजावलेले नसते. म्हणून मामासारखे लोक भीतीने एकच मोठा खड्डा खणतात आणि तो भरू नये म्हणून संडास वापरतच नाहीत. ग्रामीण महाराष्ट्र हगणदारीमुक्त झाल्याचे २०१८ साली जाहीर झाले. त्या घाईच्या दोन-तीन वर्षांत बांधलेल्या खड्ड्यांची पाच वर्षे केव्हाच उलटली. ते बांधायला उत्तेजन देणारे तेव्हाचे विद्यार्थी आज नोकरीत असतील. तोंड बदलायची आठवण त्या घरी कोण करून देत आहे?

विद्यार्थ्याला पाच वर्षे गावात राहता येणार नाही, हे मी समजते. पण त्याला तीन गोष्टी करता येतील. पावसाळा उलटल्यावर एकदा आणि उन्हाळ्यात पाणी आटल्यावर एकदा परत जाता येईल, कारण हेच दोन काळ परीक्षेचे. प्रत्येक चेंबरचे झाकण त्या घरातल्या माणसाकडूनच एकदा उघडवून वीट कोठली ती त्याला दाखविता येईल, आणि खड्डा सुरू केल्याचे साल संडासाच्या भिंतीवर रंगाने लिहिता येईल. आणि आपल्यामागे गावातील कोण हे पाहील, हे त्या माणसाला विचारून अहवालात लिहिता येईल. यांपैकी काहीच केले नसेल तर त्या कामाला 'पूर्ण' म्हणू नये, 'सुरू केले' म्हणावे.

हे प्रश्न विचारले तर पाहुण्याचा अपमान होईल, असे माझ्या काही मैत्रिणींना वाटते. मला उलट वाटते. त्या दिवशी आपण केवळ टाळ्या वाजविल्या, तेव्हा त्याच्या कामाकडे आपण नीट पाहिलेच नाही. शिवाय पुढच्या वर्षी आपलेच सात दिवसांचे शिबिर होईल, त्याचा अहवाल आपणच वाचू, आणि त्यातही 'लाभार्थी' असतील, फोटो असतील. तेव्हा हेच प्रश्न आपल्यालाही लागू आहेत.

आजीचे काय झाले ते सांगून थांबते. दोन वर्षांनी मामाने भांडे बदलून उताराचे बसविले, भिंतीला लोखंडी नळीचा तुकडा ठोकला आणि दाराशी पाण्याचे पिंप ठेवले. ज्वारी घरात गेली. आजी आता तेथेच जाते आणि रात्री पोटभर जेवते. तो एकच मोठा खड्डा मात्र अजून तसाच आहे. यंदा सुट्टीत गेले की मामाला शेजारी दुसरा खणायला सांगणार आहे.

— बी. ए. द्वितीय वर्ष, चारठाणा